खात्यावर तो वीस वर्षांचा, घरात दहा वर्षांचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळाच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये जन्मवर्ष २००५ दिसलं. माझा मुलगा २०१४चा, १७ नोव्हेंबरचा. विचारलं तर म्हणाला, "आई, ते साल दादानं घातलं. चवथीला." मग आठवलं. २०२२च्या गणेशचवथीला गोव्यातल्या साखळीच्या घरी सगळी मुलं जमली होती. आम्ही बायका गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधण्यात गुंतलेल्या, आणि बारावीतल्या पुतण्यानं धाकट्याला खातं उघडून देताना स्वतःचंच साल टाकलं होतं. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पण तेव्हापासून त्या खात्याच्या हिशोबानं सात वर्षांचं पोर सतरा वर्षांचं झालं आणि तीन वर्षांत वीस वर्षांचं!

कित्येक आयाबाबा म्हणतात, "जाऊ दे, एका तारखेनं काय होतं?" मला हे अजिबात पटत नाही. खात्यावरची बंधनं त्या तारखेवरूनच ठरतात. तेरा वर्षांखालच्या मुलासाठी चॅटची गाळणी कडक असते. खेळाबाहेर खासगी निरोप पाठवता येत नाहीत आणि खेळातल्या थेट निरोपांना पालकांची परवानगी लागते. आईबाबांना खर्चाची आणि खेळण्याच्या वेळेची मर्यादा ठरवता येते. माझ्या मुलाला यातलं काहीच लागू नव्हतं. अनोळखी माणसांचे निरोप सरळ त्याच्याकडे येत होते.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा आहे. मी आधी माझं पालकाचं खातं त्याच्या खात्याला जोडायला गेले आणि अडले, कारण वीस वर्षांच्या माणसाला पालक कसा जोडणार? म्हणून आधी तारीख बदलायची. मुलाच्या खात्यातून Settings, मग Account Info, तिथं जन्मतारीख. वय तेराच्या खाली नेताना इशारा येतो, कारण एकदा खाली आणलं की मुलाला ते परत स्वतःहून वर नेता येत नाही. मला ते बरंच वाटलं. त्यानंतर मी माझं स्वतःचं खातं उघडलं, ओळखपत्रानं मी मोठी असल्याचं सिद्ध केलं आणि मग दोन्ही खाती जोडली.

आणि कृपा करून तारीख अंदाजे टाकू नका. घाईत बरेचजण फक्त साल बदलतात आणि दिवस-महिना १ जानेवारी ठेवतात. मी तसं केलं असतं तर माझा मुलगा १ जानेवारी २०२७ला तेरा वर्षांचा ठरला असता, खऱ्या वाढदिवसाच्या साडेदहा महिने आधी. तेरा पूर्ण झाले की चॅटसारख्या गोष्टी बऱ्याच सैल होतात आणि आपल्या हातातला लगामही. म्हणून जन्मदाखला समोर ठेवून एक एक आकडा घातला.

दुरुस्तीनंतर दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. पणजीतल्या चुलतभावाशी खेळताना होणाऱ्या गप्पा बंद पडल्या होत्या. त्याची चूक नसताना त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटलं आणि ते खरंच होतं. शेजारी बसवून मी पालकाच्या पानावर त्याला दाखवलं की कुठली परवानगी कुणासाठी उघडता येते. चुलतभाऊ ओळखीचा, त्याच्यासाठी उघडली. बाकीचे नावं ठाऊक नसलेले मित्र एकेक करून त्यानं स्वतःच काढले.

पुढं या जानेवारीत चॅटसाठी चेहऱ्यावरून वय तपासणं आलं. त्यात वयाचे गट आहेत: नऊच्या खाली, ९ ते १२, १३ ते १५, १६ ते १७, १८ ते २० आणि २१च्या वर. गप्पा साधारण आपल्या आणि शेजारच्या गटाशीच. इथं एकच सांगते: कॅमेऱ्यासमोर मुलालाच बसवा. पोराचं काम पटकन उरकावं म्हणून आपला चेहरा दाखवणारे पालक आहेत. त्यांची मुलं एकवीसच्या वरच्या गटात जाऊन पडतात आणि दुरुस्त केलेल्या तारखेचा उपयोग उरत नाही. चेहऱ्यावरचा अंदाज चुकूही शकतो. अंगानं थोराड मुलगा सहज तेराचा वाटतो. म्हणून तपासणीनंतर कुठला गट दाखवतात ते स्वतः वाचा.

आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं मूल म्हणजे मूलच. खेळाच्या खात्यात मोठा बदल होतो तो मात्र तेरालाच. मधली ही पाच वर्षं कुठलंही सेटिंग सांभाळणार नाही असं मला वाटतं. म्हणून त्याच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी तारीख लिहिलीय, १७ नोव्हेंबर २०२७. तिच्याखाली त्या दिवशी काय काय उघडेल आणि खर्चाची मर्यादा किती असेल ते. पुढची तारीख १७ नोव्हेंबर २०३०, सोळा वर्षांची. तिच्याखालची जागा अजून कोरी आहे. तिथं काय लिहायचं ते त्यानं ठरवायचं, असं मी त्याला सांगितलंय.