कन्फर्मेशनच्या पत्रात अट घालू नका

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत प्रोबेशन संपल्यावर पोरांच्या हातात जी पत्रं पडतात, त्यांतलं एक वाक्य मला फार खटकतं. "आपल्या कामातील सुधारणा यापुढेही कायम राहील या अटीवर आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे." लिहिणाऱ्याला वाटतं, आपण सावध राहिलो. पण अट घातली म्हणजे कायम केलंच नाही. प्रोबेशन वाढवलं असंही म्हणता येत नाही, कारण वाढीची तारीख कुठेच नाही. माणूस घरी जाऊन सांगतो, "झालं माझं कन्फर्म." ऑफिसात मात्र त्याच्याकडे बघायची नजर तीच राहते. पुढे कधी वाद निघाला तर हे वाक्य कंपनीच्याही कामी येत नाही.

मी एका मशीन शॉपमध्ये एच.आर. बघते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मशीन करून देणारा मध्यम कारखाना आहे. कामात चढउतार असलेल्या पण सुधारत चाललेल्या माणसाचं पत्र कसं लिहावं, यावर आमच्याकडे नुकतीच बरीच घासाघीस झाली. ती लिहिते, कारण आपल्या भागातल्या अनेक छोट्या युनिटांत हे पत्र कुठूनतरी उचललेल्या नमुन्यात नाव बदलून दिलं जातं.

मुलगी खानापूर तालुक्यातली. मेकॅनिकल डिप्लोमा झालेली, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून 1 जूनला लागली. प्रोबेशन सहा महिने, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत. पहिले दोन महिने ठीक गेले. ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाकडून एक लॉट परत आला. बोअर, म्हणजे बॉडीतलं आरपार भोक, बारीक आहे, त्यात सरकणारा स्पूल अडकतोय, अशी तक्रार. सप्टेंबरमध्येही तसंच. ऑक्टोबरपासून तक्रार बंद. पण महिन्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत उशिराच.

प्लांट हेडनी सरळ सांगितलं, "मॅडम, अजून तीन महिने बघूया की. काय जातंय आपलं?"

मी सरांना एकच प्रश्न विचारला. तीन महिन्यांत नवीन काय दिसणार आहे, जे या सहा महिन्यांत दिसलं नाही? प्रोबेशन वाढवण्यात चूक काहीच नाही, पण त्याला कारण लागतं. माणूस मध्ये दीड महिना आजारी होता, चौथ्या महिन्यात त्याचा विभाग बदलला, ज्या मशीनसाठी घेतला ते मशीनच उशिरा आलं, अशा वेळी काम पुरेसं बघायलाच मिळालेलं नसतं. तिथे जरूर वाढवा. कारण लिहा, नवी तारीख लिहा, काय बघणार तेही लिहा. इथे सगळं डोळ्यांसमोर होतं, फक्त कुणी नीट वाचलं नव्हतं.

म्हणून आम्ही रजिस्टर काढून बसलो. सहा महिन्यांची सरासरी काढली तर ही मुलगी मध्यम ठरते, आणि सरासरी काढून थांबणारे लोक इथेच फसतात. सरासरीत ऑगस्ट आणि नोव्हेंबर एका मापाने मोजले जातात. बघायचं ते हे, की तीच चूक पुन्हा होते का, आणि चूक कळल्यावर माणूस काय करतो. तक्रारीच्या दोन्ही लॉटची तारीख आणि शिफ्ट लावून बघितली, तर दोन्ही सेकंड शिफ्टचे निघाले. फर्स्ट शिफ्टला तिने पास केलेल्या मालाची एकही तक्रार नव्हती.

यातली गोम समजून घ्यायला थोडं मापाबद्दल सांगावं लागेल. त्या बोअरचं माप 25 मिलिमीटर, टॉलरन्स एच-7. म्हणजे बोअर 25.000 ते 25.021 च्या आत हवा, सगळी मोकळीक 21 मायक्रॉनची. सेकंड शिफ्टला रात्रीची गाडी भरायची घाई असते, त्यामुळे मशीनवरून उतरलेला जॉब गरम असतानाच मापायला टेबलावर येतो. बीड तापलं की फुगतं. जॉब 20 अंशांनी जास्त गरम असेल तर 25 चा बोअर साधारण साडेपाच मायक्रॉनने मोठा दिसतो, म्हणजे टॉलरन्सचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच गेला. खरं माप 24.997 असलेला बोअर गरमपणी 25.002 वाचतो आणि पास होतो. गार झाला की गिऱ्हाइकाकडे स्पूल अडकतो. बोअर गेज ज्या सेटिंग रिंगवर झीरो करायचा, ती रिंग स्टँडर्ड रूममध्ये. सेकंड शिफ्टला त्या खोलीला कुलूप. गेज संध्याकाळी एकदा झीरो केला की रात्रभर तसाच.

मग यात तिची चूक किती? होती, आणि ती झाकायचं कारण नाही. जॉब हाताला गरम लागतोय हे तिला कळत होतं, शंकाही आली होती, पण लॉटला होल्डचा टॅग लावून गाडी थांबवायचं धाडस तिने केलं नाही. इन्स्पेक्टरचं ते मुख्य काम आहे. पण सप्टेंबरच्या तक्रारीनंतर तिनेच सुपरवायझरकडे जाऊन मागणी केली की मापायच्या आधी जॉब रॅकवर गार होऊ द्यायचे. रजिस्टरमध्ये जॉब रॅकवर ठेवल्याची वेळ आणि मापल्याची वेळ असे दोन रकाने तिने स्वतः आखले. ऑक्टोबरमध्ये तिने दोन वेळा लॉट होल्डवर टाकला. एकदा टॅग बरोबर होता, एकदा माल चांगला निघाला. सरांना दुसरी वेळ खटकली. मला ती सगळ्यांत मोलाची वाटली, कारण ऑगस्टमध्ये जी मुलगी शंका गिळून बसली होती, ती आता चुकण्याची जोखीम घेऊनही माल थांबवत होती. कागदावरची सुधारणा मी अशीच ओळखते. नुसती तक्रार बंद होणं पुरत नाही, कारण सेकंड शिफ्ट बदलली तरी ती बंद होते. आणि तिची सेकंड शिफ्ट बदललेली नव्हती.

एवढं दिसल्यावर कन्फर्म करायचं ठरलं. आता पत्र.

माझं ठाम मत आहे की इथे दोन वेगळे कागद लागतात. कन्फर्मेशनचं पत्र ऑफिसच्या फाइलमध्ये पडून राहत नाही. ते पतसंस्थेत कर्जाच्या अर्जाला जोडलं जातं, भाड्याच्या खोलीसाठी दाखवलं जातं, उद्या पुण्याला किंवा गोव्याला वेर्ण्यात नोकरी शोधली तर तिथेही जातं. त्यात ऑगस्टचा लॉट कशाला? सोसायटीच्या मॅनेजरला तिच्या बोअर गेजशी काय घेणं? दुसरीकडे, त्याच पत्रात "आपली कामगिरी उत्कृष्ट होती" असं लिहिणंही मला मान्य नाही. ते खरं नाही, आणि उद्या खरोखर कारवाईची वेळ आली तर आपलंच पत्र आपल्यासमोर ठेवलं जाईल. म्हणून पत्र छोटं, खरं आणि बिनशर्त. आमचं पत्र साधारण असं झालं:

"आपल्या दिनांक 1 जूनच्या नेमणूकपत्रास अनुसरून कळविण्यात येते की, प्रोबेशनच्या काळातील आपल्या कामाचा आढावा घेण्यात आला. दुसऱ्या तिमाहीतील कामात दिसलेली स्पष्ट प्रगती लक्षात घेऊन आपणांस 1 डिसेंबरपासून क्वालिटी इन्स्पेक्टर या पदावर सेवेत कायम करण्यात येत आहे. यापुढे दोन्ही बाजूंसाठी नोटिशीची मुदत एक महिना राहील. नेमणूकपत्रातील इतर अटी पूर्वीप्रमाणेच लागू राहतील."

'प्रगती' म्हटलं की आधी काहीतरी कमी होतं हे वाचणाऱ्याला कळतं, तेवढं पुरे. पगार वाढत असेल तर आकडा इथेच लिहावा, नसेल तर "योग्य वेळी विचार करू" असलं वाक्य घालू नये.

तारखेबद्दल मात्र जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यांत मोठा घोटाळा तिथे होतो. सहा महिने संपतात, कुणी पत्रच देत नाही आणि माणूस काम करत राहतो. मालक म्हणतो तो अजून प्रोबेशनवर आहे, माणूस म्हणतो मी कायम झालो. 1968 साली पंजाब सरकार विरुद्ध धरम सिंग या खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर शिक्षण खात्यातल्या कर्मचाऱ्यांचा असाच प्रश्न आला होता. तिथे नियमांतच प्रोबेशनची कमाल मुदत तीन वर्षं ठरलेली होती, आणि ती उलटल्यावरही लोक कामावर होते. कोर्टाने ते कायम झाले असं धरलं. कमाल मुदत ठरलेली नसेल तर नुसते दिवस उलटले म्हणून माणूस आपोआप कायम होत नाही, असंही कोर्टाने इतर खटल्यांत म्हटलं आहे. ते खटले सरकारी नोकरीचे. पण नेमणूकपत्रातली मुदतीची ओळ आधी वाचा, हा धडा आपल्यालाही लागू आहे. त्यामुळे आढावा मुदत संपायच्या महिनाभर आधी सुरू करावा आणि पत्र शेवटच्या दिवसाच्या आत हातात पडावं. आणि एक, कन्फर्म झाल्यावर पीएफ सुरू होतो अशी समजूत करून दिली जाते, ती चुकीची आहे. जिथे पीएफ लागू आहे तिथे तो रुजू झाल्याच्या दिवसापासून. ग्रॅच्युइटीची सेवासुद्धा रुजू झाल्याच्या तारखेपासूनच मोजतात.

दुसरा कागद म्हणजे आढाव्याची नोंद. ही बाहेर जात नाही. हिच्यात सगळं स्पष्ट लिहायचं, पण स्वभावावर नाही, कामावर. "आत्मविश्वास कमी आहे" असं लिहिलं तर ती बिचारी करणार काय? आम्ही लिहिलं की ऑगस्ट आणि सप्टेंबरचे लॉट शंका असूनही होल्ड केले गेले नाहीत, ऑक्टोबरपासून होल्ड टॅग वापरला जातो आहे, तो तसाच वापरावा. चांगला माल होल्ड झाला म्हणून कुणी बोलणार नाही, हेही लिहिलं. मासिक रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत यावा, मार्चअखेर पुन्हा बसू. रिपोर्ट उशिरा आला तर त्यावर वेगळं बोलणं होईल. तिच्या कायमपणाशी त्याचा संबंध जोडलेला नाही.

नोंद सहीसाठी पुढे करण्याआधी ती तिच्यासोबत मराठीत वाचली आणि खाली तिच्या म्हणण्यासाठी जागा ठेवली. बहुतेक जण तिथे "मान्य" लिहून सही करतात. तिने लिहिलं की सेकंड शिफ्टला सेटिंग रिंग मिळाली पाहिजे आणि ती जॉबच्या शेजारी रॅकवरच ठेवली पाहिजे, म्हणजे रिंग आणि जॉब एकाच तापमानाला येतील. मग त्याच कागदावर कंपनीच्या बाजूचीही एक ओळ घातली: सेकंड शिफ्टसाठी वेगळी 25 ची सेटिंग रिंग 15 डिसेंबरपर्यंत. त्या ओळीखाली सही प्लांट हेडची घेतली.