भोगावती आणि माझी इज्जत

आमच्या एमपीएससीच्या ग्रुपमध्ये दर रविवारी एकाने दहा एमसीक्यू काढून आणायचे, असं ठरलंय. गेल्या रविवारी माझा नंबर होता. सोडवण्यापेक्षा काढणं सोपं असणार, असं वाटलं होतं.

पहिला प्रश्न झोकात लिहिला. राधानगरी धरण कोणत्या नदीवर आहे? पर्याय : गोदावरी, नर्मदा, शाहू महाराजांच्या संस्थानातून वाहणारी भोगावती, तापी. रूममेटला दाखवला तर त्याने प्रश्नावर हात ठेवला, नुसते पर्याय वाचले आणि म्हणाला, "क. सगळ्यात लांब तेच आहे की भावा." हा गडी कॉमर्सचा, धरणाशी संबंध फक्त पावसाळी ट्रिपपुरता.

दुसरा प्रश्न : शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खालीलपैकी कोणतं? रंकाळा, न्यू पॅलेस, खासबाग मैदान, पन्हाळा. इथं तर मराठी व्याकरणानेच पेपर फोडला, कारण 'कोणतं' म्हटल्यावर चौघांत 'ते' म्हणण्यासारखं एकटं मैदानच! मग 'कोणती वास्तू' केलं, तेव्हा कुठे तोंड बंद झालं त्याचं.

आता डिस्ट्रॅक्टर, म्हणजे चुकीचे पर्याय. ते मनाने रचायला गेलं की तापी-नर्मदाच सुचतात, आणि कोल्हापुरात त्यांना कोण फसणार? म्हणून मी पर्याय न देताच ग्रुपवर प्रश्न टाकला आणि लोक काय चुकतात ते लिहून घेतलं. बरेच जण म्हणाले पंचगंगा. बरोबरच आहे, पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे उघडले की आपण सगळे पंचगंगेची पातळी बघत बसतो, मधली भोगावती डोक्यात येतच नाही. एकीने दूधगंगा म्हटलं, तिचा काळम्मावाडीशी घोळ झालेला. हे खरे डिस्ट्रॅक्टर, कारण प्रत्येकामागे एक खरीखुरी चूक उभी आहे. चौथा सापडेना म्हणून तुळशी घातली, धामोडचं धरण तिच्यावर आहे म्हणून. (भोगावती पंचगंगेलाच मिळते, तेव्हा वाद नको म्हणून स्टेममध्ये, म्हणजे प्रश्नाच्या वाक्यात, 'प्रत्यक्ष कोणत्या नदीवर' असं घातलं. आमच्यात एक वकील आहे.)

रविवारी आठ जण. चौघं भोगावती, तिघं पंचगंगा, एक दूधगंगा. तुळशीकडे कुणी फिरकलंच नाही, म्हणजे तो पर्याय नुसता जागा अडवून बसलेला.

पण खरी गंमत पुढे. आदल्या रात्री लक्षात आलं की माझ्या दहापैकी सात उत्तरं 'क' आहेत, म्हणून घाईघाईत चिठ्ठ्या टाकून पर्याय उलटसुलट केले. उत्तरांचा कागद मात्र जुनाच राहिला. मी मास्तरासारखा घसा खाकरून जाहीर केलं, "क, पंचगंगा," आणि भोगावतीवाल्या चौघांना शून्य दिलं.

वकील उठला. "मायला, मिसळ कोण देणार आज?"

दिली. एक्स्ट्रा कट सगळ्यांनी दोनदा मागवला.