साठाचे एकशेवीस

शीतगृहातील पहिली रात्रपाळी संपवून घरी पोहोचतो न पोहोचतो तोच, 'काल आपण गैरहजर होता' असा निरोप फोनवर आला. माझी हजेरीसुद्धा संध्याकाळी बंद पडलेल्या सर्व्हरवरच जाणार होती, हे कुणाच्या ध्यानात आले नसावे.

आमच्या सांगलीच्या शीतगृहात बेदाणा ठेवतात. चेंबरच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी पत्रा असल्यामुळे वायफाय आत पोहोचत नाही. हातातील स्कॅनर नोंद स्वतःजवळ साठवतो आणि दाराबाहेर आल्यावर ती सर्व्हरला पाठवतो. नोंद पोहोचली, पण पोच परत आली नाही, तर स्कॅनर ते काम अपूर्णच समजतो. त्या संध्याकाळी सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. अशा अपूर्ण कामांची रांग साचलेली पाहून संध्याकाळच्या पाळीतील कुण्या उत्साही माणसाने `Retry` दाबले आणि शिकाऊ माणसाला हात चालवायला मिळावा म्हणून उरलेली रांग माझ्या स्वाधीन करून तो जेवायला गेला.

मी `Retry` ला हात लावला नाही, कारण आधीच पोहोचलेली नोंद त्याने पुन्हा चढली असती. प्रत्येक कामाचा क्रमांक सर्व्हरवर शोधायचा. तिथे सापडला, तर स्कॅनरवर काम बंद करायचे. नाही सापडला, तर स्वेटर चढवून आत जायचे, रॅकवरचे बॉक्स मोजायचे आणि मगच नोंद पाठवायची, असा क्रम मी धरला.

तेवढ्यात तासगावकडचे एक काका पावतीसाठी टेबलापाशी येऊन बसले. त्यांचे पंधरा किलोंचे साठ बॉक्स सर्व्हरवर एकशेवीस झाले होते. दोन्ही आवक नोंदींत लॉट तोच, संख्या तीच आणि स्कॅनची वेळ सेकंदापर्यंत तीच होती. माल खरोखर दोन खेपांत आला असता, तर वेळ वेगळी पडली असती. आत जाऊन मोजले, तर बॉक्स साठच भरले.

"म्हंजे नऊशे किलोचं अठराशे झालं?" काकांनी खुर्ची पुढे ओढली. "मग ऱ्हाऊ द्या की तसंच. मशीन काय खोटं बोलतंय व्हय?"

"काका, भाडेही एकशेवीस बॉक्सचे लागेल."

काकांनी टोपी काढली, डोके खाजवले आणि पुन्हा घातली. "मग आसं करा, भाड्याला साठ ठेवा आन् पावतीला एकशेवीस."

"तसे करता येत नाही."

"मग काय उपेग तुमच्या कंप्युटरचा? आमचा हमाल बी येवढं करतोय!"

जादा नोंद रद्द करून मी साठ बॉक्सची पावती दिली, तेव्हा माझ्याच हातून नऊशे किलो माल बुडाल्यासारखे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

पहाटे रांग रिकामी झाली. सकाळच्या साहेबांनी पडद्यावरचे शून्य पाहून, "आपोआप सुटले वाटते," असा शेरा मारला. चेंबरमध्ये वायफायचा डबा बसवा, निदान एक क्रमांक सर्व्हरने दुसऱ्यांदा स्वीकारू नये अशी सोय करून घ्या, असे मी सांगू लागलो, तर त्यांनी मला लेखी अर्ज द्यायला सांगितले. हजेरी दुरुस्तीचाही अर्जच लागतो आणि तो गैरहजर कर्मचाऱ्याला भरता येत नाही.