दीडशेचा आयबीम 'कुठेही' चालत नाही

«दुकानात लोखंडी पोटमाळा करायला हिशेबबिशेब लागत नाही. दीडशेचा आयबीम टाका, वर चेकर प्लेट पसरा, सगळं जागेवरच वेल्डिंग करा. नटबोल्ट ढिले होतात, वेल्डिंग हलत नाही. शेवटी चार माणसांना वर उड्या मारायला सांगा, कळेल.»

हा सल्ला निघाला कुठून, ते आधी सांगतो. नाशिकच्या जुन्या पेठेतले गाळे बरेचदा दहा फुटी. दहा फुटांच्या गाळ्यात दीडशेचा, म्हणजे 150 मिलिमीटर उंचीचा, बीम खरोखर चालतो, आणि तो टिकलेला बघूनच लोक तोच बीम अंबडच्या सोळा फुटी शेडमध्ये टाकतात. घोटाळा तिथे होतो.

आकडे मांडून बघू. स्पेअर पार्टचा माल ठेवायचा म्हणून चौरस मीटरला 500 किलो धरा. प्लेट, चॅनेल आणि बीमचं स्वतःचं वजन ढोबळ 100 किलो. बीम दीड-दीड मीटरवर असले, तर एका बीमच्या प्रत्येक मीटरवर 900 किलो येतात. गाळा 3 मीटरचा असेल तर दीडशेच्या बीमवर ताण येतो साधारण 105 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि मध्यावरचा झोल 6 ते 7 मिलिमीटर. उत्तम. आता फक्त लांबी 5 मीटर करा. ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो 290 च्या पुढे जातो, आणि साधं पोलाद 250 लाच कायमचं वाकायला लागतं. झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जवळजवळ आठपट. हिशेबाने तो 5 सेंटीमीटर येतो.

त्याच जागी 200 चा बीम घेतला तर ताण 126 वर उतरतो आणि झोल सुमारे 16 मिलिमीटर राहतो. लांबीचा तीनशेवा भाग ही नेहमीची मर्यादा धरली, तर तो जेमतेम बसतो. वजन मीटरला 15 किलोवरून 25 किलोवर जातं, म्हणजे एका बीमला 50 किलो लोखंड जास्त. एवढ्यासाठी कुणी डोक्यावर टांगता माल ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्लेट नुसती बीमवर पसरून भागत नाही. 5 मिलिमीटरची प्लेट दीड मीटर मोकळी राहिली की पायाखाली ती झोल खाते, आणि माल भरलेल्या हातगाडीचं चाक तर एकाच ठिकाणी दाबतं. खाली दर 600 मिलिमीटरला आडवा आधार लागतो. तिथे बहुतेक जण 50 चा अँगल लावतात. तो या वजनाला पुरत नाही, ताण पुन्हा 250 च्या आसपास जातो. 75 चं चॅनेल घ्या, ताण 50 च्या आत राहतो. हीच चॅनेल बीमच्या वरच्या पाकळीला नीट जोडली की बीम बाजूला लवंडत नाही. वरचा 126 चा हिशेब हे धरूनच आहे.

उड्यांची परीक्षा तर सोडूनच द्या. एका बीमच्या वाट्याला साडेसात चौरस मीटर येतात, म्हणजे पावणेचार टन माल. चार माणसं उड्या मारून त्याची बरोबरी करू शकत नाहीत. त्यापेक्षा माल चढवण्याआधी बीमच्या दोन टोकांना खालून दोरी ताणून बांधा, मध्यावर दोरीपासून बीमपर्यंतचं अंतर मोजा, माल चढल्यावर पुन्हा मोजा. माल उतरवल्यावरही बीम जागेवर आला नाही, तर पोलाद वाकलेलं आहे.

राहिले नटबोल्ट. या बीमच्या टोकाला येणारा भार सुमारे सव्वादोन टन, सुरक्षेसाठी दीडपट केला तर साडेतीन टनांच्या आत. 16 मिलिमीटरचे साधे 4.6 ग्रेडचे दोन बोल्ट कातरणीला सुमारे सहा टन घेतात. बोल्ट कमी पडत नाहीत, भोकं चुकतात. मी सातपूरला एका गाळ्यातलं काम उतरवलं होतं, तिथे भोकं गॅसने पाडलेली होती, लांबट आणि खडबडीत. बोल्ट त्यात सरकत होता आणि मालकाला वाटत होतं की बोल्ट ढिला झाला. भोक ड्रिलने 18 मिलिमीटरचं पाडा, त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान 30 आणि दोन भोकांमध्ये 50 मिलिमीटर ठेवा, वॉशर लावा. जोडणीचा क्लीट खांबाला कारखान्यातच वेल्ड करून आणा, तिथे वेल्डर बसून, नीट प्रकाशात काम करतो. गाळ्यात शिडीवर उभं राहून डोक्यावर मारलेल्या वेल्डचं आत काय झालं, ते बाहेरून दिसत नाही. शिवाय गाळा भाड्याचा असेल तर बोल्ट उघडून सगळा पोटमाळा सोबत नेता येतो.