आधीच फुटलेली सुपारी

साखरपुड्याची बातमी आपल्या तोंडाने सांगायची, एवढीच आमची दोघांची हौस होती. गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता, आईने मानपानाच्या क्रमाने लिहून दिलेल्या तेवीस नावांची यादी समोर ठेवून, आम्ही दोघे लाजत लाजत फोनपाशी बसलो. पहिले नाव सांगलीच्या थोरल्या आत्याचे होते.

"आत्या, एक बातमी आहे," एवढे म्हणेपर्यंतच माझे कान तापले.

"मंगळवारीच कळली," आत्या म्हणाली. "म्हटलं, बघू या, मला केव्हा सांगतात ते."

त्याचे असे झाले होते. मुलीची ओटी भरताना तिच्या हाती साखरेचा जो पुडा द्यायचा, तो वरपक्षाने आणायचा असल्यामुळे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी तो सांगलीतच, रुखवत करून देणाऱ्या एका बाईंकडे सांगितला होता. त्या बाई आत्याच्या भजनी मंडळातल्या निघाल्या. चंदेरी कागदाच्या त्या शंकूवर त्यांनी पांढऱ्या मोत्यांनी 'चि. सौ. कां.' लिहून पुढे माझे नाव आडनावासकट जडवले होते, आणि ते आडनाव आमच्या घराखेरीज सांगलीत कोणाचेही नाही.

"अगं, मग आता अभिनंदन तरी कर!"

"करते की. पण रीतसर सांग. मला काही ठाऊक नाही असं धर आणि पहिल्यापासून सांग. थांब, यांनाही बोलावते."

काका येऊन बसल्याचा आवाज आला. मी पुन्हा सुरुवात केली, "आत्या, आम्ही लग्न करायचं ठरवलंय."

"'आम्ही ठरवलंय' काय? 'घरच्यांच्या आशीर्वादाने ठरलंय' असं म्हणावं. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितले. मग ती 'जावईबापूं'ना फोन द्यायला लावून त्यांची नाडी विचारू लागली. बिचाऱ्याने "डॉक्टरांनी नॉर्मल सांगितली आहे, आत्या," असे उत्तर दिले. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांपैकी आठ एकट्या नाडीचे असतात आणि दोघांची नाडी एकच निघाली तर ते आठही जातात, हे त्याला तिथेच, काकांच्या खोकल्यासह, अकरा मिनिटे समजावण्यात आले. पत्रिका आम्ही पाहिलेलीच नव्हती आणि पाहणारही नव्हतो, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

उरलेल्या बावीस जणांपैकी एकोणीस जणांनी "हो, आत्या म्हणाल्या," असे म्हणून फोन ठेवला. मावशीने तर साडीचा रंगही आत्याला कळवून टाकला होता. हे मी हसत हसत लिहिते आहे खरे, पण समोरच्याच्या तोंडून "अगंबाई, खरंच?" हे ऐकण्यासाठी मी आठवडाभर गप्प राहिले होते, आणि ते मला फक्त तीन वेळा ऐकायला मिळाले, त्यांतला एक फोन तर चुकीच्या नंबरावर लागला होता.

संध्याकाळी आम्ही कुटुंबाच्या ग्रुपवर दोघांचा फोटो टाकला. पहिले उत्तर आत्याचे आले: "अय्या! कळूसुद्धा दिलं नाहीत!!"