तासाला चारशे नऊ रुपये

शिबिराची फी साडेचार हजार. दहा दिवस, रोज नऊ ते साडेअकरा. म्हणजे पंचवीस तास, तासाला एकशेऐंशी. "एवढ्यात तर दाईसुद्धा मिळत नाही," असं मीच बायकोला म्हणालो. पुढे तिने हे वाक्य मला बऱ्याचदा ऐकवलं.

पहिल्याच दिवशी हाती यादी पडली. अॅक्रेलिक रंग, माती, कॅनव्हास आणि आइस्क्रीमच्या पन्नास काड्या. एकूण साडेसहाशे. काड्यांचं पाकीट दुकानात चाळीस रुपयांना मिळतं, हे मला नंतर कळलं. तोवर चिरंजीव आणि मी मिळून सतरा कुल्फ्या संपवल्या होत्या. (त्या मी हिशोबात धरलेल्या नाहीत. घशाचं औषधही नाही.)

मग रिक्षा. मुलाला सोडून घरी यायचं, पुन्हा आणायला जायचं, पुन्हा परत. रोजच्या चार फेऱ्या, चाळीसप्रमाणे दहा दिवसांचे सोळाशे. 'कोरडा खाऊ'चे चारशे. शेवटच्या दिवशी जंगल-नृत्यात चिरंजीव झाड होते. झाडाचा पोशाख भाड्याने साडेतीनशे. एकूण साडेसात हजार, म्हणजे तासाला तीनशे.

पण अडीच तासांतली चाळीस मिनिटं रिक्षातच जायची. माझ्या हाती उरायचे एकशे दहा मिनिटं. दहा दिवसांचे अठरा तास वीस मिनिटं धरा. त्या शांततेचा भाव तासाला चारशे नऊ रुपये पडला, आणि त्यातली निम्मी शांतता मी हा हिशोब करण्यात घालवली.

"त्यापेक्षा घरी ठेवला असतास," आई म्हणाली. "आम्ही काय शिबिरं केली?"

म्हणून पुढचे दहा दिवस घरी. दुपारी चार तास एसी, त्याचे साधारण सहाशे. कॅरमच्या पावडरचा डबा पहिल्याच डावात फरशीवर रिकामा झाला, त्याचे तीस. आईने पन्हं केलं, ते फुकट. मी वहीत खूश होऊन 'घर : ६३०' लिहिलं आणि मीटिंगला बसलो.

मीटिंग संपली तेव्हा हॉलच्या भिंतीवर तारपा नाच चालू होता. मधे तारपा वाजवणारा, भोवती हात गुंफलेली माणसांची गोल रांग, सगळं विटकरी रंगात. वारली चित्रं शिबिरात चौथ्या दिवशी झाली होती. ओल्या फडक्याने पुसायला गेलो, पण अॅक्रेलिक एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. भिंतीच्या रंगाची जुनी छटा जुळेना, म्हणून रंगारी म्हणाला, "साहेब, अख्खी भिंतच मारावी लागेल. बावीसशे."

आता पेच असा, की हे बावीसशे कुठल्या रकान्यात टाकायचे? कला शिबिराची, रंग शिबिराचे, भिंत मात्र घरची.

"मुलगा तुझा ना?" आई म्हणाली. "मग तुझ्या रकान्यात टाक."

रंगाऱ्याला अजून बोलावलेलं नाही. आलेले पाहुणे भिंत बघून विचारतात, "कुठून करून घेतलंत?"

चिरंजीव उठून खोलीत जातात आणि उरलेले रंग घेऊन येतात.