‘कऱ्हाकाठ’ हे नाव मी बदलणार नाही

गेले तीन रविवार एका नावापायी वाया गेले. आमच्या दादरच्या घरात नवा राउटर आला आणि बाबा म्हणाले, “वायफायला आपल्या गावाचं नाव दे.” बाबा सासवडचे, कऱ्हेच्या काठचे. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी तोंडात कऱ्हाच असते. मी राउटरच्या पानावर जाऊन नाव टाकलं: कऱ्हाकाठ ४०३. आमच्या खोलीचा नंबर ४०३, आणि तो देवनागरीत, जसा बेस्टच्या बसवर आकडा असतो तसा. चौकटीशेजारी लिहिलं होतं, जास्तीत जास्त 32 अक्षरं. माझी झाली बारा. ‘सेव्ह’ दाबलं, हिरवी खूण आली.

आणि मग घरातल्या एकेका वस्तूने अंगावर यायला सुरुवात केली.

माझ्या फोनवर नाव दिसलं, पण ‘४०’ नंतर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ‘३’ गायब. जुन्या लॅपटॉपवर तर `à¤•à¤±` असं काहीतरी सुरू होऊन पुढे तशीच ओळ. प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर नुसते चौकोन. मी इंटरनेटवाल्यांच्या मदत केंद्राला फोन केला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, राउटरकडे बघितलंही नाही आणि म्हणाला, “सर, ते स्पेशल कॅरॅक्टर काढा. इंग्लिशमध्ये नाव टाका, लगेच होईल.”

स्पेशल कॅरॅक्टर! दादरमध्ये उभं राहून मराठी अक्षरांना स्पेशल कॅरॅक्टर म्हणतात! त्या मुलाचा राग नाही आला, त्याला तेवढंच शिकवून पाठवलंय. राग आला तो ज्यांनी हे शिकवलं त्यांचा, आणि ज्यांनी हा माल बनवला त्यांचा. म्हणून मी खोलात गेलो. आणि जितका खोलात गेलो तितकं डोकं तापत गेलं, कारण यातलं एकही अडचण म्हणावं असं नाही. सगळा निव्वळ आळस आहे.

आधी ते ‘३’ गायब होण्याचं. वायफायचं नाव हवेतून जातं ते बाइटच्या रूपात, आणि वायफायच्या मानकात त्याची मर्यादा 32 बाइट आहे. 32 अक्षरं नव्हे, बाइट. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून त्यांना फरक कधी जाणवतच नाही. देवनागरीत नेहमीच्या युटीएफ-8 पद्धतीत एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे क वेगळा, काना वेगळा, हलन्ताचा पाय वेगळा. ‘कऱ्हाकाठ’ मोजा: क, ऱ, पाय, ह, काना, क, काना, ठ. आठ चिन्हं, 24 बाइट. मधली मोकळी जागा 1. ‘४०३’चे 9. झाले 34. दोन जास्त. राउटरच्या पानाने बारा अक्षरं मोजून “चालेल” म्हटलं, आणि आतल्या प्रोग्रॅमने 32 व्या बाइटवर सुरी चालवली. ‘३’च्या तीन बाइटांपैकी एकच उरला. त्या लटकत्या बाइटाचं फोनने काय करायचं? त्याने प्रश्नचिन्ह दाखवलं.

चौकटीत टाइप करताना बाइट मोजायला एक ओळ पुरते हो, एक ओळ! “नाव लांब आहे” एवढं सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे आकडे काढले असते. पण नाही, हिरवी खूण द्यायची आणि गुपचूप अक्षर कापायचं. दहा देवनागरी चिन्हं म्हणजे 30 बाइट, हीच खरी हद्द आहे, आणि ती कुठल्याही पानावर लिहिलेली नाही.

असो. ४०३ काढलं, नुसतं ‘कऱ्हाकाठ’ ठेवलं. 24 बाइट, काठोकाठ सुद्धा नाही. फोन जोडले गेले. जुना लॅपटॉपही जोडला गेला, नाव विचित्र दाखवत का होईना. तो युटीएफ-8 ला दुसरीच लिपी समजून वाचतो. नाव युटीएफ-8 आहे असं राउटरने सांगायची सोय मानकाच्या 2012 च्या आवृत्तीत आहे, एका बिटाची. तो बिट लावला नाही तर समोरच्याने अंदाज बांधायचा. बांधा अंदाज, चुकीचं दाखवा, तेही मी सोसेन. पण जोडून तरी घ्या!

प्रिंटरने तेवढंही केलं नाही. यादीत चौकोन दिसले, निवडले, पासवर्ड टाकला. उत्तर आलं: पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, चुकीचा. बाजूला बसून बाबा एकेक अक्षर वाचून दाखवत होते, मी दाबत होतो. सहा वेळा! सहाव्यांदा बाबा म्हणाले, “अरे, माझंच वाचताना चुकतंय का?” तेव्हा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला त्या डबड्याने स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली, आणि पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता.

हे मी सिद्ध करून दाखवतो. राउटरवर नाव इंग्रजीत `Karha` केलं, पासवर्ड तोच ठेवला. प्रिंटर लगेच जोडला. म्हणजे पासवर्डात खोट नाही. मग पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क पाच मिनिटांपुरतं चालू केलं, नाव ‘कऱ्हा’, पासवर्डच नाही. प्रिंटर तिथेही जोडला! म्हणजे देवनागरी नाव त्याला हवेतून घेता येतं आणि परतही देता येतं. नाव एकटं चालतं, पासवर्ड एकटा चालतो, दोन्ही एकत्र आले की “पासवर्ड चुकीचा”.

असं का, ते कळल्यावर तर मी खुर्चीतून उठलोच. डब्ल्यूपीए-2 या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत तुमचा पासवर्ड तसाच वापरला जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन 4096 वेळा घुसळून त्यातून 256 बिटांची किल्ली काढतात. नाव हे त्या किल्लीचं मीठ आहे. राउटरने ‘कऱ्हाकाठ’चे 24 बाइट जसेच्या तसे घेऊन किल्ली काढली. प्रिंटरने किल्ली काढताना पडद्यावर दाखवायला मोडतोड केलेलं नाव घेतलं असणार, दुसरा अर्थच लागत नाही. मीठ वेगळं, किल्ली वेगळी. दोन किल्ल्या जुळल्या नाहीत की यंत्राला एकच वाक्य येतं: पासवर्ड चुकीचा. म्हणून तुमच्याकडेही देवनागरी नाव असेल आणि बरोबर पासवर्ड कुणी नाकारत असेल, तर पासवर्ड बदलत बसू नका. वर केलेल्या दोन परीक्षा घ्या, दहा मिनिटांत कळेल.

पासवर्ड देवनागरीत ठेवता येत नाही, त्याबद्दल माझं भांडण नाही. मानकातच तो 8 ते 63 साध्या इंग्रजी चिन्हांचा ठरवलाय. नावाला तशी अट नाही. नाव म्हणजे कुठलेही 32 बाइट. यंत्राला मराठी वाचता यायची गरज नाही, फाँट असायची गरज नाही. आलेले बाइट जपून ठेवायचे आणि तेच परत द्यायचे, बस. माझ्याकडे रास्पबेरी पाय नावाचा एक जुना चिमुकला संगणक आहे, त्याला पडदाच नाही. त्याचं वायफाय जोडणाऱ्या `wpa_supplicant` या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये नाव अवतरणाशिवाय नुसत्या हेक्स आकड्यांत लिहिलं:

```
ssid=e0a495e0a4b1e0a58de0a4b9e0a4bee0a495e0a4bee0a4a0
```

पहिल्या झटक्यात जोडला. त्याला कऱ्हा नदी माहीत नाही, मराठी माहीत नाही, पण दिलेलं नाव तो इमानाने सांभाळतो. मग पडदा, कॅमेरा, रंगीत शाई मिरवणाऱ्या प्रिंटरला हे का जमू नये?

तिसरा रविवार खाल्ला तो स्मार्ट प्लगने. बाबांना रात्री उठून दिवा लावायला अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून घेतला होता. त्याचं अ‍ॅप आसपासच्या नेटवर्कांची यादी दाखवत नाही. म्हणतं, नाव टाइप करा. बाबांनी त्यांच्या फोनवर हौसेने टाइप केलं: कऱ्हाकाठ. शुद्ध, अचूक. प्लग म्हणाला, असं नेटवर्क सापडत नाही. मी दोन्ही फोन शेजारी धरून बघितले, डोळ्यांना काडीचा फरक दिसेना. शेवटी बाबांनी टाइप केलेलं नाव मेसेजने मागवलं आणि त्याचे बाइट काढले:

```
राउटर: e0a495 e0a4b1 e0a58d e0a4b9 e0a4be
बाबा:   e0a495 e0a4b0 e0a58d e2808d e0a4b9 e0a4be
```

हे फक्त ‘कऱ्हा’पर्यंतचे. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला तो आपला आडवा र, तो दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत खालच्या नुक्त्याचा ऱ आणि पाय. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा र, पाय आणि मग न दिसणारा जोडक, तो `e2808d`. दिसायला सारखे, पण माझं नाव 24 बाइटांचं आणि बाबांचं 27. कुठला कीबोर्ड कुठली रीत वापरतो हे टाइप करणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. प्लग बिचारा 27 बाइटांचं नाव शोधत राहिला. मी राउटरच्या पानावरून नाव उचलून अ‍ॅपमध्ये चिकटवलं, प्लग तिसाव्या सेकंदाला जोडला.

म्हणजे प्लगमध्ये काही वाईट नव्हतं! अ‍ॅप बनवणाऱ्याने यादी दाखवायचा कंटाळा केला, आणि त्याची शिक्षा झाली ती स्वतःच्या नदीचं नाव बरोबर लिहिणाऱ्या माणसाला. हाच आडवा र आपल्या किती आडनावांत आहे, किती गावांत आहे! कऱ्हाड बघा, गोऱ्हे बघा, बिऱ्हाड सुद्धा बघा. यातलं कुठलंही नाव द्या, हाच खड्डा वाट बघत असणार.

प्रिंटर बनवणाऱ्यांना मी सगळं लिहून पाठवलं. दोन्ही परीक्षा, बाइट, किल्लीचा हिशेब. चार दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं: कृपया नेटवर्कच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं व अंक वापरा.

प्रिंटरला आता केबल लावली आहे, हॉलमधून दारापर्यंत, बाबांच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटपट्टीने मारून. नाव ‘कऱ्हाकाठ’च आहे.